समीकरण उलटलं की चिन्हही उलटतं

परीक्षेचे दिवस जवळ आले की विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर प्रश्नांचे फोटो फिरायला लागतात. उष्मागतिकीच्या धड्यातला एक प्रश्न त्यात हमखास असतो. तीन रासायनिक समीकरणं, प्रत्येकापुढे ΔH ची किंमत, आणि खाली चौथं समीकरण, ज्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. दिलेली समीकरणं उलटायची, गुणायची, भागायची, एकमेकांत मिळवायची आणि चौथं तयार करायचं. समीकरणाचं जे केलं तेच त्याच्या ΔH चं करायचं. नियम हेसचा. बारावीच्या पुस्तकात तो जेमतेम एखाद्या पानात संपतो.

गणित चुकतं ते मात्र बहुधा बेरजेत नाही. फोटोतलं पुस्तक पूर्ण उघडलेलं नसतं, त्यामुळे शिवणीजवळचा उणे आत वळून दिसेनासा होतो. ½ हा अपूर्णांक म्हणजे एक काळा ठिपका होऊन बसतो. कंसातला (l) आणि (g) यांत फरक करता येत नाही, आणि कुणीतरी तोच फोटो तिसऱ्यांदा पुढे पाठवलेला असल्यामुळे C₂H₂ मधला खालचा २ हा ४ आहे की ६, यावर गटात वाद सुरू होतो. या प्रकारच्या प्रश्नाची गंमत अशी की, जो हिशेब उत्तर काढायला लागतो त्याच हिशेबाने पुसट फोटोही बराचसा दुरुस्त करता येतो. फक्त तो हिशेब किलोज्यूलचा नसून अणूंचा आहे हे आधी ध्यानात यायला हवं.

जर्मेन हेन्री हेसचा जन्म १८०२ सालचा, जिनिव्हाचा. लहानपणीच तो रशियात गेला, वैद्यकी शिकला, सायबेरियातल्या इर्कुत्स्कमध्ये काही काळ डॉक्टरकी केली आणि मग सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत रसायनशास्त्रात रमला. त्याने केलेले प्रयोग आजच्या प्रश्नांपेक्षा साधे होते. सल्फ्युरिक आम्ल थेट अमोनियाच्या द्रावणाने उदासीन केलं तर किती उष्णता निघते ते त्याने मोजलं. मग तेच आम्ल आधी कमीजास्त पाण्याने विरल करून, त्या विरल करण्यात निघालेली उष्णता वेगळी मोजून, नंतर उदासीन केलं. टप्प्यांच्या उष्णता वेगवेगळ्या आल्या, बेरीज मात्र तीच आली. १८४० मध्ये त्याने हे नियम म्हणून मांडलं: अभिक्रिया एका टप्प्यात होवो की अनेक, एकूण उष्णता सारखीच.

साल लक्षात घेण्यासारखं आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेबद्दल मायरचा लेख १८४२ चा आणि हेल्महोल्ट्झची मांडणी १८४७ ची. म्हणजे आज पहिल्या नियमाचा उपसिद्धांत म्हणून जे शिकवलं जातं, ते प्रत्यक्षात त्या नियमाच्या आधी प्रयोगशाळेत सापडलेलं होतं. आज त्याचं कारण एका वाक्यात देता येतं. एन्थाल्पी ही अवस्थेवर अवलंबून असते, वाटेवर नाही. दोन वाटांची उष्णता वेगळी असती तर एका वाटेने जाऊन दुसरीने परत यायचं आणि दर फेरीला फुकट ऊर्जा पदरात पाडून घ्यायची, असा उद्योग शक्य झाला असता. समीकरण उलटलं की ΔH चं चिन्ह का बदलतं, याचंही हेच कारण. जाऊन परत आलं की शिल्लक शून्यच राहिली पाहिजे.

आता एक फोटो जवळून पाहू. असे प्रश्न पुस्तकांत नेहमी येतात. इथे एसिटिलीनच्या निर्मितीची एन्थाल्पी विचारली आहे आणि फोटो पुसट आहे.

(१) C₂H₂(g) + ▢ O₂(g) → 2CO₂(g) + H₂O(?)   ΔH = ?1299.6 kJ

(२) C(graphite) + O₂(g) → CO₂(g)   ΔH = −393.5 kJ

(३) 2H₂(g) + O₂(g) → 2H₂O(l)   ΔH = −571.6 kJ

हवं आहे: 2C(graphite) + H₂(g) → C₂H₂(g)   ΔH = ?

पहिल्या ओळीत तीन गोष्टी गेल्या आहेत. ऑक्सिजनचा सहगुणक, पाण्याची अवस्था आणि १२९९.६ च्या आधीचं चिन्ह. यांतला सहगुणक सर्वांत सोपा. उजवीकडे दोन CO₂ मध्ये ऑक्सिजनचे चार अणू आणि पाण्यात एक, मिळून पाच. डावीकडे ऑक्सिजन फक्त O₂ मधून येतो, म्हणून सहगुणक 5/2. C₂H₂ मधला हायड्रोजनचा आकडा पुसट असता तरी हीच युक्ती चालली असती, कारण उजवीकडे पाण्याचा एकच रेणू आहे आणि त्यात हायड्रोजनचे दोनच अणू. ४ किंवा ६ असते तर पाणीही दोन किंवा तीन रेणू निघालं असतं. गटातला वाद इथेच मिटतो.

चिन्हासाठी थोडं रसायनशास्त्र लागतं. पहिली ओळ म्हणजे ज्वलन. इंधन ऑक्सिजनात जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं तेव्हा उष्णता बाहेर पडते, म्हणून तिथे उणेच हवा. ही अटकळ ज्वलनापुरतीच बिनधोक आहे. निर्मितीच्या समीकरणापुढचं चिन्ह गेलं असेल तर अशी अटकळ बांधू नये. ते का, हे याच गणिताच्या उत्तरात दिसेल.

पाण्याच्या अवस्थेचा उलगडा प्रश्नाच्या रचनेतून होतो. जे समीकरण हवं आहे त्यात पाणी नाही. म्हणजे (१) मधलं पाणी आणि (३) मधलं पाणी एकमेकांना खोडून जायला हवं, आणि वाफ द्रवाला खोडत नाही. प्रश्नकर्त्याने वाफ करण्याचं वेगळं समीकरण दिलेलं नाही, त्या अर्थी दोन्हीकडे पाणी द्रवच आहे. ज्याला आकडे पाठ आहेत त्याला दुसरी खूणही मिळते. २५ अंश सेल्सिअसला एक मोल पाण्याची वाफ व्हायला साधारण ४४ किलोज्यूल लागतात. पाणी वाफेच्या रूपात सुटलं असतं तर एसिटिलीनच्या ज्वलनाचा आकडा १२५५.६ च्या आसपास असता. १२९९.६ हा द्रव पाण्याचाच आकडा आहे.

काही गोष्टींना मात्र इलाज नाही. १२९९.६ मधला एखादा अंकच गेला असेल, तर अणू मोजून तो परत येत नाही. समतोल समीकरणाला ΔH ची किंमत ठाऊक नसते. अशा वेळी अंदाजाने अंक भरण्यापेक्षा फोटो पुन्हा मागवलेला बरा. जुन्या पुस्तकांच्या फोटोंत आणखी एक अडचण असते. कडेला कापलं गेलेलं एकक. कार्बनच्या ज्वलनापुढे ३९३.५ ऐवजी ९४.०५ आणि पाण्यापुढे ६८.३ दिसले तर आकडे किलोकॅलरीत आहेत असं समजावं. एका कॅलरीचे ४.१८४ ज्यूल होतात, आणि ९४.०५ ला त्याने गुणलं की ३९३.५ मिळतात. आणखी एक बारीक जागा: ΔU मधला U पुसट झाला की तो सहज H वाचला जातो. बाँब कॅलरीमापीत आकारमान स्थिर असतं, म्हणून तिथे थेट ΔU मिळतो. एसिटिलीनच्या ज्वलनात वायूचे मोल साडेतीनवरून दोनवर येतात, त्यामुळे दोन्ही किमतींत साधारण ३.७ किलोज्यूलचा फरक पडतो. फरक लहान आहे, पण चार पर्यायांपैकी एक निवडायचा असेल तर तेवढा पुरतो.

फोटो वाचून झाला की मुख्य काम सुरू होतं. बरेच जण इथे समीकरणं कशीही उलटीसुलटी करून पाहतात आणि जमेपर्यंत खाटखूट करत राहतात. त्याची गरज नसते. हव्या असलेल्या समीकरणातला एकेक पदार्थ घ्यावा आणि तो दिलेल्यांपैकी नेमक्या एकाच समीकरणात येतो का ते पाहावं. येत असेल तर त्या समीकरणाचं काय करायचं हे तिथेच ठरतं.

C₂H₂ फक्त (१) मध्ये आहे. तिथे तो डावीकडे एक मोल आहे आणि हवाय उजवीकडे एक मोल. म्हणून (१) उलटायचं. ΔH चं चिन्ह बदलून +१२९९.६. ग्राफाइट फक्त (२) मध्ये, डावीकडे एक मोल. हवेत डावीकडेच दोन मोल. म्हणून (२) ला दोनने गुणायचं आणि −३९३.५ चे −७८७.० करायचे. हायड्रोजन फक्त (३) मध्ये, तिथे दोन मोल आहेत, हवा एक. म्हणून (३) निम्मं करायचं, −५७१.६ चे −२८५.८. तिन्ही क्रिया एकाच गणितात आल्या. उलटणं, वाढवणं आणि कमी करणं.

2CO₂(g) + H₂O(l) → C₂H₂(g) + 5/2 O₂(g)   ΔH = +1299.6 kJ

2C(graphite) + 2O₂(g) → 2CO₂(g)   ΔH = −787.0 kJ

H₂(g) + 1/2 O₂(g) → H₂O(l)   ΔH = −285.8 kJ

ऑक्सिजनला अजून हातही लावलेला नाही, आणि तो मुद्दाम शेवटी ठेवायचा असतो. O₂ तिन्ही समीकरणांत आहे, त्यामुळे सुरुवातीला तो काहीच ठरवू देत नाही. शेवटी मात्र तोच साक्षीदार ठरतो. उजवीकडे 5/2, डावीकडे दोन आणि अर्धा, म्हणजे 5/2. खोडला गेला. CO₂ दोन विरुद्ध दोन, पाणी एक विरुद्ध एक. उरतं ते 2C + H₂ → C₂H₂, आणि १२९९.६ − ७८७.० − २८५.८ = +२२६.८ किलोज्यूल. तक्त्यांत एसिटिलीनच्या निर्मितीची एन्थाल्पी साधारण २२७ किलोज्यूल प्रति मोल दिलेली असते. उत्तर जुळलं.

ऑक्सिजन जुळला नसता तर ΔH ची बेरीज करायलाच जायचं नव्हतं. अणूंचा हिशेब चुकला असताना किलोज्यूलचा हिशेब करणं म्हणजे मालाची मोजणी न करता बिलाची बेरीज तपासणं.

उत्तर धन आलं म्हणून पुष्कळ विद्यार्थी बिचकतात आणि पडताळून घ्यायच्या आधीच ते खोडतात. मूलद्रव्यांपासून संयुग बनताना उष्णता बाहेर पडणारच, असा समज मनात कुठेतरी पक्का झालेला असतो. पाणी, कार्बन डायऑक्साइड, मीठ ही नेहमीची उदाहरणं तशीच असल्याने तो दृढ होतो. एसिटिलीन त्या समजाला अपवाद आहे. ग्राफाइट आणि हायड्रोजनपेक्षा त्याच्यात जास्त ऊर्जा साठलेली असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलोने १८६२ मध्ये हायड्रोजनच्या वातावरणात कार्बनच्या दोन टोकांमध्ये विजेची प्रज्योत पेटवून मूलद्रव्यांपासून एसिटिलीन बनवलं होतं. प्रज्योत सतत लागते याचा अर्थ बाहेरून ऊर्जा घालावी लागते. पण त्या प्रज्योतीत इतरही हायड्रोकार्बन आणि काजळी तयार होते, म्हणून त्या प्रयोगातून २२६.८ हा आकडा थेट मोजता येत नाही. ज्वलनं नीट मोजता येतात. हेसचा नियम उपयोगाचा ठरतो तो अशाच ठिकाणी.

कार्बन मोनॉक्साइडचीही हीच गोष्ट. कार्बन नेमका CO पर्यंत जळून थांबावा, असं कॅलरीमापीत घडवून आणता येत नाही. थोडा CO₂ होतोच. म्हणून कार्बन पूर्ण जाळून −३९३.५ मोजायचे, CO वेगळा जाळून −२८३.० मोजायचे, आणि दुसरं समीकरण उलटून पहिल्यात मिळवायचं. −११०.५ मिळतात, जे कुणी थेट मोजलेले नाहीत.

त्या धन चिन्हाचा परिणाम वेल्डिंगच्या दुकानात पाहायला मिळतो. एसिटिलीनची टाकी नुसती गॅसने भरलेली नसते. आत सच्छिद्र पदार्थ ठासलेला असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. कारण साधं आहे. वरचं उत्तर उलटं वाचलं तर C₂H₂ चं कार्बन आणि हायड्रोजन होताना प्रत्येक मोलमागे २२६.८ किलोज्यूल सुटतात, आणि त्यासाठी ऑक्सिजनची गरज नसते. मोकळं एसिटिलीन जास्त दाबाखाली ठेवलं तर एका धक्क्याने असं विघटन सुरू होऊन टाकी फुटू शकते.

ज्योत मात्र ΔH च्या आकड्यावरून ओळखायला गेलं तर फसगत होते. एसिटिलीनचं ज्वलन एक मोलला १३०० किलोज्यूलच्या आसपास, तर ईथेनचं १५६०. तरीही तीन हजार अंशांच्या वर जाणारी ज्योत एसिटिलीनची. ज्वालेत पाणी वाफ असतं, म्हणून वाफेचा हिशेब धरला तर एसिटिलीनच्या १२५५.६ किलोज्यूलना दोन CO₂ आणि एक वाफ, असे तीनच मोल तापवायचे असतात. म्हणजे मोलमागे साधारण ४१९. ईथेनच्या साधारण १४२८ किलोज्यूलना पाच मोल तापवायचे असतात, मोलमागे २८६. उष्णता कमी, पण वाटेकरी त्याहूनही कमी.

आता चुकांकडे. या प्रकारात चुकीचं उत्तर बघून चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा सांगता येतं, आणि शिकवणाऱ्यांनी हे तंत्र जास्त वापरायला हवं. वरच्याच गणितात (१) उलटायचं राहिलं तर उत्तर −२३७२.४ येतं. निर्मितीची एन्थाल्पी ज्वलनापेक्षाही मोठी दिसली की शंका यावीच. (२) दुप्पट करायचं राहिलं तर +६२०.३. समीकरण दुप्पट केलं आणि ΔH तसाच ठेवला, तरी हेच उत्तर. (१) मधलं पाणी द्रव असताना (३) ऐवजी वाफेचा −२४१.८ हा पाठ आकडा वापरला तर +२७०.८. खऱ्या उत्तरापासून नेमके ४४ दूर. उत्तरात ४४ चा किंवा त्याच्या पटीतला फरक दिसला की गुन्हेगार पाणीच.

सगळ्यांत घातक चूक (३) निम्मं न करण्याची. उत्तर येतं −५९.०. हे दिसायला अगदी सभ्य आहे. लहान, उणे, मिथेनच्या −७४.८ च्या शेजारी बसेल असं. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तराच्या शेजारी असाच आकडा ठेवलेला असतो, आणि त्याच्या खाली चिन्ह उलटलेला −२२६.८. प्रश्न काढणाऱ्यालाही नेहमीच्या चुका तोंडपाठ असतात.

इथे एककाचा एक गोंधळ आहे, जो छपाईतच असतो आणि फोटोत वाढतो. 2H₂ + O₂ → 2H₂O या समीकरणापुढे −५७१.६ kJ लिहिलेलं असतं तेव्हा ते समीकरण जसं लिहिलं आहे तसं, म्हणजे दोन मोल पाण्यासाठी असतं. kJ mol⁻¹ लिहिलं तरीही रूढ अर्थ तोच. मोल म्हणजे लिहिलेल्या समीकरणाचा एक मोल. पण काही प्रश्नसंचांत दोन मोलच्या समीकरणापुढे −२८५.८ kJ/mol छापलेलं सापडतं आणि त्यांना ते एक मोल पाण्यासाठी अभिप्रेत असतं. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा ओळखीचा आकडा आठवावा. द्रव पाण्यासाठी एक मोलला २८५.८, वाफेसाठी २४१.८, CO₂ साठी ३९३.५. एवढे तीन आकडे पाठ असले तरी निम्म्या फोटोंतली संदिग्धता मिटते, कारण निम्म्या प्रश्नांत यांपैकी एक तरी असतोच.

हेसचा नियम सूत्राच्या रूपातही वापरतात. निर्मितीच्या एन्थाल्पी दिल्या असतील तर उत्पादितांची बेरीज वजा अभिक्रियाकारकांची बेरीज. ज्वलनाच्या दिल्या असतील तर नेमकं उलट, अभिक्रियाकारकांतून उत्पादितं वजा. विद्यार्थी ही दोन सूत्रं वेगवेगळी पाठ करतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात. पण ज्वलनाची समीकरणं मांडली की दिसतं, उत्पादिताचं ज्वलन उलटावं लागतं, म्हणून तेच वजा होतं. एसिटिलीनच्या गणितात C₂H₂ चा −१२९९.६ हाच उलटला होता. सूत्र विसरलं तरी बिघडत नाही, समीकरण लिहिता आलं पाहिजे.

एक पदार्थ एकाच समीकरणात येतो, ही सोय नेहमी मिळत नाही. झोतभट्टीतल्या लोखंडाचा प्रश्न बऱ्याच पुस्तकांत आहे आणि तिथे वरची युक्ती अर्ध्यावर थांबते.

(क) Fe₂O₃(s) + 3CO(g) → 2Fe(s) + 3CO₂(g)   ΔH = −24.8 kJ

(ख) 3Fe₂O₃(s) + CO(g) → 2Fe₃O₄(s) + CO₂(g)   ΔH = −47.2 kJ

(ग) Fe₃O₄(s) + CO(g) → 3FeO(s) + CO₂(g)   ΔH = +19.4 kJ

हवं आहे: FeO(s) + CO(g) → Fe(s) + CO₂(g)

CO आणि CO₂ तिन्हींत आहेत, म्हणून त्यांना वरच्या गणितातल्या ऑक्सिजनसारखं साक्षीदार म्हणून मागे ठेवायचं. Fe फक्त (क) मध्ये आहे. दोन मोल आहे, हवा एक, म्हणून (क) निम्मं. FeO फक्त (ग) मध्ये, उजवीकडे तीन मोल. हवा डावीकडे एक, म्हणून (ग) उलटून एक तृतीयांश. आता (ख) चं काय करायचं हे हवं असलेलं समीकरण सांगत नाही, नको असलेले पदार्थ सांगतात. (क) निम्मं केल्यावर डावीकडे अर्धा मोल Fe₂O₃ उरतो, तो घालवायला उजवीकडे अर्धा मोल हवा. (ख) मध्ये तो डावीकडे तीन मोल आहे, म्हणून (ख) उलटून एक षष्ठांश. Fe₃O₄ आता (ख) मधून डावीकडे एक तृतीयांश आणि (ग) मधून उजवीकडे एक तृतीयांश येतो. खोडला गेला. CO डावीकडे दीड आणि उजवीकडे एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश म्हणजे अर्धा. डावीकडे एक उरतो, जो हवाच होता. उष्णतेची बेरीज −१२.४ + ७.८७ − ६.४७, म्हणजे −११.० किलोज्यूल.

हेच बीजगणिताने करता येतं. प्रत्येक समीकरणाला एक अज्ञात गुणक द्यायचा आणि प्रत्येक पदार्थासाठी एक ओळ लिहायची. पाच-सहा समीकरणं असतील तेव्हा तेच करावं. पण बारावीच्या पातळीवर इतकी समीकरणं क्वचितच येतात. लोखंडाच्या या प्रश्नातले आकडे पुस्तकागणिक बदलतात, आणि त्यानुसार उत्तरही. −११ ऐवजी −१७ च्या आसपासचं उत्तर देणारं पुस्तकही हाती येईल. तिथे तक्त्याशी ताडून उत्तर चूक म्हणण्यात अर्थ नाही. फोटोत जे आकडे आहेत त्यांच्याशी उत्तर सुसंगत आहे का एवढंच तपासायचं.

दोन समीकरणं एकमेकांच्या पटीत निघाली, म्हणजे एक दुसऱ्याची दुप्पट असेल, तर माहिती प्रत्यक्षात एका समीकरणाचीच असते आणि हवं ते समीकरण कदाचित बनणारच नाही. फोटोत एखादी ओळ कापली गेली की नेमकं हेच होतं. एखादा पदार्थ काही केल्या खोडला जात नाही. अशा वेळी स्वतःच्या बुद्धीवर संशय घेण्याआधी फोटोची खालची कड पाहावी.

नियम अचूक असला तरी त्यातून काढलेला आकडा मोजमापाइतकाच अचूक असतो, आणि याची जाणीव करून देणारा प्रश्नही पुस्तकांतच आहे. ग्राफाइटचा हिरा होताना ΔH किती? ग्राफाइट जाळलं तर −३९३.५, हिरा जाळला तर −३९५.४. दुसरं उलटून पहिल्यात मिळवलं की +१.९ किलोज्यूल. कागदावर हे एसिटिलीनहून सोपं गणित आहे. प्रयोगशाळेत मात्र प्रत्येक ज्वलनाच्या मोजमापात अर्धा टक्का जरी चूक झाली तरी ती जवळपास दोन किलोज्यूलची होते, म्हणजे उत्तराएवढीच. तेवढ्याने हिरा ग्राफाइटपेक्षा जास्त ऊर्जेचा की कमी, हे चिन्हसुद्धा बदलू शकतं. एसिटिलीनच्या बाबतीत तीच अर्ध्या टक्क्याची चूक साडेसहा किलोज्यूलची होऊन २२६.८ मध्ये फारशी जाणवली नसती. मोठमोठे आकडे वजा करून लहान उत्तर काढायचं असेल तिथे मूळ मोजमापं फार बारकाईने करावी लागतात. म्हणूनच फोटोत ३९५.४ च्या जागी ३९५ असं वाचलं गेलं तर एसिटिलीनसारख्या गणितात ते खपून जाईल, हिऱ्याच्या गणितात मात्र उत्तर १.९ वरून १.५ वर येईल.

आणि हे सगळे आकडे २५ अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. झोतभट्टी दीड हजार अंशांच्या पुढे जाते. तिथल्या लोखंडासाठी −११.० वापरायचे तर प्रत्येक पदार्थाच्या उष्माधारकतेचा हिशेब जोडून ΔH त्या तापमानाला न्यावा लागतो. बारावीच्या फोटोंत तो भाग येत नाही, पण (s), (l), (g) जपून वाचायची सवय तिथे पुन्हा लागते, कारण दीड हजार अंशांच्या पुढे कार्बन विरघळलेलं लोखंड वितळलेलं असतं आणि त्या वितळण्याचीही उष्णता मोजावी लागते.